रिकाम्या जागेचं भाडं कोणाचं?

अमेरिकेत जे लोक स्वतःच्या राहत्या घरात पाळणाघर चालवतात, त्यांना टॅक्स भरताना एक गंमतशीर हिशोब करावा लागतो. घराचं भाडं, वीज, विमा यातला किती भाग धंद्याचा आणि किती भाग संसाराचा? दिवाणखाना सकाळी मुलांच्या खेळण्याचा, संध्याकाळी घरच्यांचा. भिंत घालून वेगळं करता येत नाही. म्हणून फॉर्म ८८२९ वर दोन अपूर्णांकांचा गुणाकार करतात: घराचा किती भाग वापरला, आणि वर्षातले किती तास वापरला. समजा अर्धं घर वापरलं, रोज १२ तास, आठवड्याचे ५ दिवस, वर्षाचे ५० आठवडे. म्हणजे ३,००० तास. वर्षात एकूण तास ८,७६०. तेव्हा वेळेचा वाटा साधारण ३४ टक्के, जागेचा ५० टक्के, आणि दोघांचा गुणाकार १७ टक्के. घरखर्चाचे १७ टक्के पाळणाघराचे, बाकीचे ८३ टक्के घरमालकाचे. विषय संपला.

जागा गुणिले वेळ. चारजणांनी मिळून गोडाऊन घेतलं की पहिल्यांदा डोक्यात येतो तो हाच हिशोब, आणि येणं बरोबरच आहे. पण पाळणाघराच्या हिशोबात एक गोष्ट इतकी सहज होऊन जाते की आपलं तिकडे लक्षच जात नाही. रात्रीचे तास, रविवार, रिकाम्या खोल्या, हे जे काही उरतं, त्याला एक मालक आहे. ते त्या कुटुंबाच्या नावावर जातं. सामायिक गोडाऊनमध्ये उरलेल्याला मालक नसतो. आणि भांडणं होतात ती वापरलेल्या जागेवरून फार कमी, या उरलेल्यावरूनच जास्त.

या लेखात एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत नेऊ. आकडे मी हिशोबाला सोपे पडावेत म्हणून घेतलेत. तुमच्या गावात भाडं वेगळं असेल, पण पद्धत तीच राहील.

समजा, न्यू जर्सीत चारजणांनी मिळून हजार चौरस फुटांचा एक गाळा घेतला आहे. (पुण्या-मुंबईकडे ज्याला इंडस्ट्रियल गाळा म्हणतात तसाच: एक शटर, काँक्रीटची जमीन, एक बाथरूम.) हजारातले ३०० चौरस फूट ये-जा करायला, दारासमोर मोकळे ठेवायला आणि आगीच्या नियमांसाठी जातात. प्रत्यक्ष सामान ठेवायला उरतात ७००. भाडं, विमा आणि हीटिंग मिळून वर्षाला २१,००० डॉलर. करार वर्षाचा.

पहिलं आहे मराठी मंडळ. गणपतीचं मखर, स्टेजच्या फ्रेम, खुर्च्या, कनाती. २०० चौरस फूट, बाराही महिने. दुसरं ढोल-ताशा पथक, १५० चौरस फूट, तेही बाराही महिने. तिसरा नाटकाचा ग्रुप. त्यांचा प्रयोग एप्रिलच्या शेवटी असतो, त्यामुळे जानेवारी ते एप्रिल नेपथ्य बांधायला ३०० चौरस फूट लागतात. उरलेले आठ महिने जुने फ्लॅट आणि दोन दरवाजे ठेवायला ५० पुरतात. चौथं एक जोडपं, जे दिवाळीला फराळाचे बॉक्स विकतं. सप्टेंबर ते नोव्हेंबर त्यांना ३०० चौरस फूट लागतात: सीलबंद मालाचे पॅलेट, खोक्यांच्या थप्प्या आणि पॅकिंगचं टेबल. बाकी नऊ महिने शून्य.

आता एक माप ठरवू. एक चौरस फूट जागा एक महिना अडवली की एक ‘फूट-महिना’. कामगारांच्या हिशोबात मनुष्य-दिवस असतो तसंच. मंडळाचे २,४०० फूट-महिने झाले, पथकाचे १,८००, नाटकवाल्यांचे चार महिन्यांचे १,२०० आणि आठ महिन्यांचे ४०० मिळून १,६००, फराळवाल्यांचे ९००. एकूण ६,७००.

पण गाळ्यात वर्षभरात फूट-महिने आहेत किती? ७०० गुणिले १२, म्हणजे ८,४००. २१,००० डॉलरला ८,४०० ने भागलं की एका फूट-महिन्याची किंमत येते अडीच डॉलर. आणि १,७०० फूट-महिने कोणीच वापरलेले नाहीत. अडीचने गुणा: ४,२५० डॉलर. घरमालकाला तर ते द्यायचेच आहेत. तर हे ४,२५० कोणाचे?

बहुतेक ठिकाणी हा प्रश्न कोणी विचारतच नाही, कारण हिशोब अशा रीतीने मांडलेला असतो की तो दिसत नाही. सगळ्यात प्रचलित रीत म्हणजे महिन्याच्या महिन्याला व्हॉट्सअ‍ॅपवर वाटणी: या महिन्यात ज्यांचं सामान होतं त्यांनी १,७५० डॉलर जागेच्या प्रमाणात वाटून घ्यायचे. दिसायला एकदम न्याय्य. आता मंडळाचे आकडे बघा. ऑक्टोबरमध्ये गाळा गच्च भरलेला असतो, ७०० च्या ७००. मंडळाचे २०० फूट, म्हणून ५०० डॉलर. जूनमध्ये नाटकाचं नेपथ्य गेलेलं, फराळ अजून आलेला नाही, गाळ्यात फक्त ४०० फूट भरलेले. मंडळाचं तेच मखर, त्याच कोपऱ्यात, आणि बिल ८७५ डॉलर. म्हणजे गाळ्यात गर्दी असते तेव्हा जागा स्वस्त आणि गाळा ओस असतो तेव्हा महाग. बाजारात नेमकं उलटं असतं. अ‍ॅमेझॉन आपल्या गोदामात माल ठेवणाऱ्या विक्रेत्यांकडून घनफुटावर महिन्याचं भाडं घेतं, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर दर चढे ठेवतं, कारण त्या महिन्यांत जागा टंचाईची असते.

थोडी सुधारलेली रीत म्हणजे वर्षाचा एकत्र हिशोब: २१,००० भागिले वापरलेले ६,७०० फूट-महिने. दर येतो सुमारे ३.१३ डॉलर. मंडळाला ७,५२२, पथकाला ५,६४२, नाटकाला ५,०१५, फराळाला २,८२१. जूनचा विचित्रपणा गेला, पण रिकाम्या जागेचे ४,२५० डॉलर सगळ्यांच्या दरात गुपचूप मिसळले गेले, आणि त्यातला सर्वात मोठा भाग मंडळाने उचलला, कारण त्याचे फूट-महिने सर्वात जास्त. मंडळाची एक वीतभर जागासुद्धा वर्षात एकही दिवस रिकामी नव्हती, हे लक्षात घ्या.

अशा वाटणीची एक सोपी परीक्षा आहे: कोणी दोघं-तिघं उठून वेगळे झाले तर त्यांचं भलं होईल का? मंडळ आणि पथक यांना मिळून ३५० फूट लागतात, बाराही महिने. त्याच भावाने अर्धा गाळा मिळाला तर १०,५०० डॉलरमध्ये काम होईल. इथे ते दोघं मिळून १३,१६४ भरतायत. छोट्या गाळ्याचा दर चौरस फुटामागे सहसा थोडा जास्त असतो, म्हणून १०,५०० च्या ऐवजी ११,५०० धरा हवं तर. तरीही बाहेर पडणं फायद्याचं. ज्या वाटणीत सर्वात स्थिर भाडेकरूंनाच बाहेर पडावंसं वाटतं, ती वाटणी फार टिकत नाही.

आणि ती मोडते ती दुसऱ्या टोकाकडूनही. समजा फराळवाल्यांनी यंदा धंदा बंद केला. गाळ्याचा खर्च तोच, २१,०००. वापरलेले फूट-महिने ५,८००. दर झाला ३.६२, मंडळाचं बिल ८,६९०. ते पाहून नाटकवाले म्हणाले, आम्ही कोणाच्या तरी गॅरेजमध्ये बांधतो. आता उरले मंडळ आणि पथक, ४,२०० फूट-महिने, दर पाच डॉलर, मंडळाचं बिल १२,०००. मंडळाच्या वापरात एका इंचाचाही फरक नाही. कारखान्यांच्या हिशोबात हा प्रकार जुना आहे. हेन्री गँट, ज्याच्या नावाचा चार्ट तुमच्यापैकी अनेकांनी ऑफिसात काढला असेल, त्याने १९१५ मध्येच मांडलं होतं की बंद पडलेल्या यंत्रांचा खर्च चालू यंत्रांवर बनलेल्या मालावर लादू नये. लादला की माल महाग दिसतो, महाग म्हणून खपत नाही, खपत नाही म्हणून आणखी यंत्रं बंद पडतात.

मग रिकाम्या जागेचा खर्च कोणावर लावायचा? माझ्या मते प्रश्न जरा बदलून विचारला तर उत्तर सापडतं. ‘ही जागा आत्ता कोण वापरतंय’ हे न विचारता ‘ही जागा घ्यावी लागली ती कोणामुळे’ हे विचारायचं.

गेम थिअरीत यासाठी विमानतळाचं उदाहरण देतात. लिटलचाइल्ड आणि ओवेन यांनी १९७३ मध्ये त्याचं गणित सोपं करून दाखवलं. लहान विमानाला आखूड धावपट्टी पुरते, मोठ्याला लांब लागते. एकच लांब धावपट्टी बांधली, तर खर्च कसा वाटायचा? धावपट्टीचे मनातल्या मनात तुकडे पाडायचे. पहिला तुकडा सगळ्यांना लागतो, त्याचा खर्च सगळ्यांत. शेवटचा तुकडा फक्त मोठ्या विमानांना लागतो, त्याचा खर्च फक्त त्यांच्यात. लहान विमानाला जास्तीच्या लांबीचे पैसे पडत नाहीत.

आपल्या गाळ्याचेही असेच थर पाडता येतात, फक्त लांबीऐवजी ‘किती महिने भरलेला’ हे बघून. एक चौरस फूट वर्षभर ठेवायला ३० डॉलर पडतात, हा आकडा लक्षात ठेवा.

तळाचा थर ४०० फुटांचा. तो वर्षातला एकही महिना रिकामा नसतो. त्यात मंडळाचे २००, पथकाचे १५० आणि नाटकवाल्यांचे कायमचे ५०. खर्च १२,०००, आणि त्याची वाटणी सरळ: मंडळ ६,०००, पथक ४,५००, नाटक १,५००. वाद घालायला इथे काही नाही.

मधला थर २५० फुटांचा. तो सात महिने भरलेला असतो: जानेवारी ते एप्रिल नाटकवाल्यांच्या जास्तीच्या २५० फुटांनी, सप्टेंबर ते नोव्हेंबर फराळवाल्यांच्या ३०० पैकी २५० फुटांनी. बाकी पाच महिने तो ओस. खर्च मात्र पूर्ण वर्षाचा, ७,५००. हा थर घ्यावा लागला तो या दोघांमुळे, म्हणून त्याचे रिकामे महिनेसुद्धा या दोघांचे. चार महिने आणि तीन महिने या प्रमाणात वाटले तर नाटक ४,२८६ आणि फराळ ३,२१४.

वरचा थर ५० फुटांचा. तो फक्त सप्टेंबर ते नोव्हेंबर लागतो, आणि फक्त फराळवाल्यांना. १,५०० डॉलर त्यांचे.

दोन्ही रीती शेजारी ठेवून बघा (डॉलरमध्ये):

| | वापराप्रमाणे | थराप्रमाणे |
|---|---|---|
| मंडळ | ७,५२२ | ६,००० |
| पथक | ५,६४२ | ४,५०० |
| नाटक | ५,०१५ | ५,७८६ |
| फराळ | २,८२१ | ४,७१४ |

बैठकीत हा तक्ता दाखवलात की फराळवाले एक रास्त शंका काढतील, आणि तिला उत्तर तयार हवं. ते म्हणतील, ‘सप्टेंबरात जागा कमी पडते ती फक्त आमच्यामुळे कशी? मंडळाने तेव्हा पन्नास फूट कमी वापरले असते तरी भागलंच असतं की. ते आधी आले म्हणून तळाच्या थरात आणि आम्ही मागून आलो म्हणून वरच्या, असं कसं?’

आधी कोण आलं यावर हिशोब अवलंबून राहू नये, हे अगदी खरं आहे. लॉइड शॅप्ली या गणितज्ञाने १९५३ मध्ये याच अडचणीवर तोड काढली (त्याला २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं). तोड अशी: सगळेजण शक्य त्या प्रत्येक क्रमाने एकेक करून आत येतात असं समजा. प्रत्येक वेळी तुमच्या येण्याने एकूण किती जागा वाढवावी लागली ते मोजा. सगळ्या क्रमांची सरासरी काढा. तो तुमचा वाटा.

आपल्या उदाहरणात हे करून पाहिलं तर मंडळाचं उत्तर मजेशीर येतं. मंडळ पहिलं येवो, दुसरं येवो की शेवटी येवो, त्याच्यामुळे दर वेळी बरोबर २०० फूटच वाढतात, कारण ते बाराही महिने तेवढेच अडवतं. म्हणजे त्याचा वाटा प्रत्येक क्रमात ६,००० डॉलर. पथकाचा तसाच ४,५००. आधी येण्याचा त्यांना काडीचाही फायदा मिळालेला नाही. क्रमाने फरक पडतो तो नाटक आणि फराळ या दोघांतच: जो आधी येईल त्याच्यामुळे ३०० फूट वाढतात, मागून येणाऱ्यामुळे फक्त ५०. सरासरी दोघांची १७५ फूट, म्हणजे ५,२५० डॉलर प्रत्येकी.

थरांच्या हिशोबात नाटकाला ५,७८६ आणि फराळाला ४,७१४ आले होते. शॅप्लीच्या वाटणीत दोघं सारखे, कारण तिथे आपण फक्त ‘जास्तीत जास्त किती जागा’ एवढंच मोजलं. ती जागा तीन महिने लागली की चार, हे विचारलंच नाही. मला स्वतःला थरांची रीत पटते. चार महिने वापरणाऱ्याने तीन महिनेवाल्यापेक्षा थोडं जास्त द्यावं, हे कुठल्याही बैठकीत समजावून सांगता येतं, आणि गणित कागदावर दहा मिनिटांत होतं. शॅप्लीचा उपयोग तपासणीपुरता.

पण फराळवाल्यांची दुसरी हरकत गणिताने उडवता येत नाही. ९०० फूट-महिन्यांचे ४,७१४ म्हणजे दर सव्वापाच डॉलर पडला, मूळ दराच्या दुपटीहून जास्त. त्यांनी बाहेर चौकशी केली आणि समजा तीन महिन्यांसाठी ३,६०० डॉलरमध्ये जागा मिळाली. (सेल्फ-स्टोरेज आणखी स्वस्त पडतं, पण त्याच्या करारात नाशवंत खाद्यपदार्थ ठेवायला आणि आत बसून काम करायला सहसा मनाई असते. तुलना करायची तर पॅकिंग करता येईल, वीज असेल, ट्रक लागेल अशा जागेशीच करा.) मग ते इथे ४,७१४ का देतील?

देणार नाहीत. आणि गेले तर वर्षाचा करार झालेला असल्यामुळे त्यांचे ४,७१४ उरलेल्या तिघांच्या अंगावर. तेव्हा त्यांच्याकडून घ्यायच्या रकमेला वरची मर्यादा आहे ती बाहेरच्या भावाची, ३,६००. उरलेल्या १,११४ डॉलरचं काय? मंडळाला यात ओढू नये. फराळवाले गेले तर सर्वात मोठा फटका बसतो तो नाटकवाल्यांना, कारण मधला सगळा थर, साडेसात हजारांचा, एकट्या त्यांच्यावर येतो आणि त्यांचं बिल ९,००० होतं. फराळवाल्यांना ३,६०० वर थांबवून फरक नाटकवाल्यांनी भरला, तर त्यांचं बिल ६,९०० होतं. जास्त आहे, पण ९,००० पेक्षा २,१०० ने कमी. अर्थात त्यांनाही बाहेर ६,००० ला जागा मिळत असेल, तर मात्र सरळ कबूल करावं की हा गाळा चौघांना मोठा आहे, आणि करार संपला की लहान घ्यावा. वाटणीच्या कुठल्याही सूत्राने मोठा गाळा लहान होत नाही.

किंवा रिकामे महिने विकावेत. मे ते ऑगस्ट मधले २५० फूट ओस आहेत. नेमक्या त्याच चार महिन्यांत युनिव्हर्सिटीतली मुलं हॉस्टेल रिकामी करतात आणि खाटा, टेबलं, खोकी कुठे ठेवायची म्हणून फिरत असतात. समजा दहा-बाराजणांनी मिळून ते २५० फूट घेतले. आता मधला थर ११ महिने भरला: नाटक चार, फराळ तीन, विद्यार्थी चार. ७,५०० ची वाटणी नाटक २,७२७, फराळ २,०४५, विद्यार्थी २,७२७. फराळवाल्यांचं एकूण बिल वरच्या थरासकट ३,५४५ झालं, बाहेरच्या ३,६०० च्या खाली. नाटकवाले ५,७८६ वरून ४,२२७ वर आले. मंडळ आणि पथक जिथे होते तिथेच.

थरांच्या रीतीचा मला सर्वात आवडणारा गुण हा आहे. रिकाम्या महिन्यांचा तोटा ज्यांच्यावर पडतो, ते महिने भरल्याचा फायदाही त्यांनाच मिळतो. म्हणून विद्यार्थी शोधायला नाटकवाले आणि फराळवाले स्वतःहून धावतील. वापराप्रमाणे वाटणीत हा फायदा सगळ्यांत पातळ होऊन वाटला जातो, आणि त्यातला मोठा हिस्सा मंडळाला मिळतो, ज्याच्या सेक्रेटरींना आणखी एक फोन करायला वेळ नसतो. फक्त विद्यार्थ्यांना आत घेण्याआधी भाडेकरार वाचा. पोटभाडेकरू ठेवायला मालकाची लेखी परवानगी लागते असं कलम बहुतेक करारांत असतं, आणि तुमचा विमा दुसऱ्यांच्या सामानाला लागू होतो की नाही तेही बघावं लागतं.

आता जागा मोजायची कशी, कारण वरचं सगळं त्या २०० आणि ३०० वर उभं आहे.

जमिनीवर रंगीत टेपने चौकट आखा आणि चौकट मोजा, सामान नव्हे. मखराचा आकार वेडावाकडा असला तरी त्याच्या भोवतीचा जो आयत दुसऱ्या कोणाच्या उपयोगाचा राहत नाही, तो सगळा मंडळाचा. सामानापर्यंत पोचायला फक्त तुम्हालाच लागणारी वाट असेल, तर तीही तुमच्या चौकटीत. सगळे वापरतात ती वाट सामायिक ३०० मध्ये. उंचीचाही प्रश्न येतो. फराळाचे बॉक्स रॅकवर तीन मजले जातात, ढोलांवर मात्र तुम्ही दुसरं काही ठेवू शकत नाही. व्यावसायिक गोदामांत ज्या पॅलेटवर दुसरं पॅलेट चढवता येत नाही, त्याला वरच्या मोकळ्या हवेचेही पैसे लावतात. आपल्या गाळ्यात जमिनीचं माप पुरतं, एवढंच पाळा की स्वतःच्या खर्चाने रॅक उभा करून ज्याने जमीन वाचवली, त्याची चौकट खरोखर लहान धरली जाईल. नाहीतर रॅक कोणी घेणार नाही.

अडवलेली जागा म्हणजे वापरलेली जागा, हाही नियम आधीच लिहून ठेवा. गणेशोत्सवात दहा दिवस मखर हॉलमध्ये असतं आणि गाळ्यात मंडळाचा कोपरा रिकामा असतो. पण परत येऊन ते तिथेच ठेवायचं असेल, तर त्या दिवसांची सूट मिळत नाही. सूट हवी तर महिनाभर आधी सांगून कोपरा खरोखर सोडायचा, म्हणजे दुसऱ्याला तो वापरता येईल.

वेळ मोजताना दिवसांच्या नादी लागू नका. अमेरिकेतल्या सार्वजनिक गोदामांमध्ये एक जुनी रीत आहे: १५ तारखेपर्यंत आलेल्या मालाला पूर्ण महिना, १६ पासून पुढे आलेल्याला अर्धा. तीच घ्या. १ तारखेला आणि १६ तारखेला शटरजवळ उभं राहून एक फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. टेपच्या बाहेर आलेलं सामान फोटोत लगेच दिसतं, आणि ‘ते तर दोनच दिवस होतं’ हा वाद बंद होतो. सलग दोन फोटोंत कोणाचं सामान बाहेर दिसलं, तर चौकट वाढली समजून नवीन माप घ्यायचं. सामान हळूहळू पसरतं, आणि दर वेळी ते शेजारच्या रिकाम्या जागेकडेच पसरतं. म्हणून मे ते ऑगस्टचे फोटो जास्त लक्ष देऊन बघा.

राहिलं वर्कशॉपचं. समजा याच गाळ्यात एक टेबल सॉ आणि भुसा ओढणारं यंत्र आहे, आणि दुरुस्ती, घसारा धरून त्यांचा वर्षाचा स्थिर खर्च १,३०० डॉलर आहे. ही यंत्रं नाटकवाले वापरतात आणि मखरासाठी मंडळही. इथे मोजायचे ते तास, पण कोणते? पाळणाघराच्या फॉर्मवरचे ८,७६० इथे निरर्थक आहेत. सगळ्यांना नोकऱ्या आहेत. यंत्र खरोखर वापरता येतं ते कामाच्या दिवशी संध्याकाळी तीन तास आणि शनिवार-रविवार मिळून दहा, म्हणजे आठवड्याला २५, वर्षाला १,३०० तास. तेव्हा ताशी दर एक डॉलर. प्रत्यक्ष वापर ५२० तास झाला असेल आणि १,३०० डॉलर त्या ५२० वरच वाटले, तर दर अडीच डॉलर होतो. पुढच्या वर्षी नाटक लहान असलं की तो तीन-साडेतीन होतो आणि गाळ्याची जी गत झाली तीच यंत्राची. म्हणून दर एक डॉलरच ठेवायचा, ५२० डॉलर तासांनुसार घ्यायचे आणि उरलेले ७८० ज्यांनी ‘यंत्र असावं’ म्हणून हात वर केला होता, त्यांनी वार्षिक वर्गणीसारखे वाटून घ्यायचे. ब्लेड, भुशाच्या पिशव्या आणि यंत्राची वीज या सगळ्यात मिसळू नका. ते कापल्याशिवाय खर्च होत नाहीत, तेव्हा ज्याने कापलं त्याचे.

गर्दीचा प्रश्न यंत्रालाही आहेच. मार्चमधल्या शनिवारी दुपारी सगळ्यांनाच सॉ हवा असतो, आणि मंगळवारी संध्याकाळी कोणालाच नको असतो. शनिवारचा तास दोन डॉलर आणि मंगळवारचा पन्नास सेंट केला तर काही कामं आपोआप मंगळवारी सरकतात. सगळी नाही, कारण नेपथ्य बांधायला चार माणसं एकत्र लागतात आणि ती शनिवारीच जमतात.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. भाडेकरारावर सही सहसा एकाचीच असते, बहुतेक वेळा मंडळाची. घरमालकाच्या लेखी बाकीचे तिघे अस्तित्वातच नाहीत. नोव्हेंबरनंतर फराळवाले गायब झाले, तर त्यांचे पैसे सही करणाऱ्याने भरायचे. म्हणून थरांचे आकडे ठरले की ते ‘वापराच्या महिन्यांचं भाडं’ म्हणून लिहू नका. वर्षाची रक्कम लिहा, बारा हप्त्यांत, आणि करार सुरू होताना प्रत्येकाकडून तीन हप्ते डिपॉझिट घ्या. फराळवाल्यांना मे महिन्यातही हप्ता भरावा लागेल आणि तेव्हा त्यांचं सामान गाळ्यात नसेल. त्यांनी तसं विचारलं, तर त्यांना मधल्या थराचा कागद दाखवा आणि मे-जूनसाठी आणखी कोणी भाडेकरू ओळखीचा आहे का, तेही विचारून घ्या.